औपचारिक नोटीस आणि पोचीचा पुरावा : रजिस्टर टपाल, ईमेल आणि व्हॉट्सॲप यांचा आढावा

कायद्याच्या व्यवहारात नोटीस हे केवळ कळवण्याचे पत्र नसते, तर एखादी मुदत ज्या दिवशी सुरू होते तो दिवस निश्चित करणारी ती कृती असते. त्यामुळे नोटिशीवरून जेव्हा वाद उभा राहतो तेव्हा तो बहुधा तिच्या मजकुरावरून नसून ती पोचली की नाही आणि पोचली असल्यास कोणत्या तारखेला, यावरून उभा राहतो. पूर्वी या प्रश्नाला ‘रजिस्टर ए. डी.’ हे एकच रुळलेले उत्तर होते. आज ईमेल आणि व्हॉट्सॲपसारखी संदेश-ॲप ही आणखी दोन साधने प्रत्येकाच्या हाती आहेत, न्यायालयांनीही त्यांना वेगवेगळ्या प्रसंगी मान्यता दिली आहे आणि ज्या टपालसेवेवर आजवरचे निकाल उभे आहेत तिचे स्वरूपही 2025 मध्ये बदलले आहे. या तिन्ही साधनांचा आढावा घेताना धनादेश न वटल्याबद्दल दिली जाणारी नोटीस हे मध्यवर्ती उदाहरण घेणे सोयीचे ठरते, कारण तिथे प्रत्येक दिवस मोजला जातो आणि चुकलेल्या एका तारखेवर संपूर्ण प्रकरण उभे राहते किंवा कोसळते.

तीन प्रश्न आणि तीन मुदती

पोचीचा पुरावा हा शब्दप्रयोग एकसंध वाटत असला तरी त्यात तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात: काय पाठवले, कोणाला पोचले आणि केव्हा पोचले. पाकीट पोचल्याचा पुरावा आतील मजकुराचा पुरावा ठरत नाही. मजकूर एखाद्या यंत्रावर उतरल्याचा पुरावा ते यंत्र कोणाच्या हातात होते हे सांगत नाही. आणि माणूस व मजकूर दोन्ही सिद्ध झाले तरी तारीख सिद्ध झाली नाही तर मुदत मोजता येत नाही. टपाल, ईमेल आणि संदेश-ॲप यांच्या तुलनेत पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, प्रत्येक साधन या तिघांपैकी एक-दोन प्रश्नांचे उत्तर फार चांगले देते, पण तिन्हींची उत्तरे कोणतेच एकटे साधन देत नाही.

चलनक्षम दस्तऐवज अधिनियम, 1881 मधील कलम 138 प्रमाणे धनादेश न वटता परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांच्या आत धनादेश देणाऱ्याला रकमेची लेखी मागणी करणारी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत त्याने रक्कम भरली नाही तर फिर्यादीचे कारण निर्माण होते आणि तेथून एक महिन्याच्या आत, कलम 142 नुसार, दंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद दाखल करावी लागते. यात पहिली मुदत नोटीस ‘देण्याशी’ आणि दुसरी नोटीस ‘मिळण्याशी’ बांधलेली आहे, हा भेद महत्त्वाचा आहे. देणे ही पाठवणाऱ्याच्या हातातील गोष्ट आहे, तर मिळणे हे घेणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून राहू शकते. के. भास्करन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये याच भेदावर बोट ठेवले आणि पाकीट न स्वीकारून स्वतःवरील जबाबदारी टाळण्याची वाट धनादेश देणाऱ्याला मोकळी राहू नये, अशी भूमिका घेतली.

टपाल : गृहीतकाचे बळ

रजिस्टर टपालाचे खरे बळ पोस्टमनने आणलेल्या सहीत नसून कायद्याने त्यामागे उभ्या केलेल्या गृहीतकात आहे. गृहीतक म्हणजे विरुद्ध पुरावा येईपर्यंत न्यायालय जी गोष्ट खरी धरून चालते ती गोष्ट. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, 1897 च्या कलम 27 नुसार, पाकिटावर पत्ता बरोबर लिहिला असेल, टपालखर्च आगाऊ भरला असेल आणि पाकीट रजिस्टर टपालाने रवाना केले असेल, तर टपालाच्या नेहमीच्या ओघात ते ज्या वेळी पोचले असते त्या वेळी ते पोचले असे धरले जाते. येथे पाठवणाऱ्याला तीन साध्या गोष्टी दाखवायच्या असतात आणि ‘मिळाले नाही’ हे सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर जातो. ईमेल किंवा व्हॉट्सॲप यांच्यामागे नेमके हेच गृहीतक नाही, हा दोहोंमधील पहिला आणि मूलभूत फरक होय.

सी. सी. अलवी हाजी खटल्यातील 2007 च्या निकालाने हे गृहीतक धनादेशाच्या नोटिशीला स्पष्टपणे लागू केले आणि त्याला एक व्यवहार्य जोडही दिली. नोटीस खरोखरच मिळाली नव्हती असे ज्याचे म्हणणे असेल त्याने न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून 15 दिवसांत धनादेशाची रक्कम भरावी आणि आपल्याविरुद्धची फिर्याद फेटाळण्याची मागणी करावी. जो असे करत नाही त्याला नोटीस नीट बजावली गेली नव्हती असे म्हणत राहता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. त्यामुळे ‘अनक्लेम्ड’ म्हणजे सूचना देऊनही पाकीट नेले नाही, ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे घेण्यास नकार दिला, किंवा दाराला कुलूप होते, असे शेरे मारून परत आलेले पाकीट हे अपयश नसून बहुतेक वेळा पुरावाच असतो. ते फोडू नये, पाकिटावरील शेरे, तारखा आणि पोस्टाचे शिक्के यांसह ते जसेच्या तसे जपून न्यायालयात हजर करावे, कारण बंद पाकीट न्यायालयासमोर उघडले गेले तर आत काय होते याचीही साक्ष तेच देते.

सर्व शेरे मात्र सारख्या वजनाचे नसतात. ‘अपूर्ण पत्ता’ किंवा ‘अशी व्यक्ती येथे नाही’ असा शेरा आला तर गृहीतकाची पहिली अटच, म्हणजे बरोबर पत्ता, डळमळते. आणि ‘लेफ्ट’, म्हणजे पत्ता सोडून गेला, असा शेरा आला तर तो पत्ता त्या व्यक्तीचा शेवटचा माहीत असलेला पत्ता होता हे धनादेशासोबतच्या करारावरून, बिलांवरून किंवा पूर्वीच्या पत्रव्यवहारावरून दाखवावे लागते. यासाठी 30 दिवसांची मुदत शेवटच्या दिवसापर्यंत न ताणता पहिल्या आठवड्यातच नोटीस पाठवणे शहाणपणाचे असते, म्हणजे पाकीट चुकीच्या पत्त्यामुळे परत आल्यास दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्यास दिवस शिल्लक राहतात.

टपालाची दुबळी बाजू मजकुराची आहे. डाल्मिया सिमेंट आणि गॅलेक्सी ट्रेडर्स यांच्यातील, 2001 मध्ये निकाली निघालेल्या खटल्यात नोटिशीची पाकिटे मिळाली पण ती रिकामी होती, असे धनादेश देणाऱ्या पक्षाने उलट कळवले होते. धनादेश घेणाऱ्या कंपनीने वाद वाढवण्याऐवजी धनादेश पुन्हा वटवण्यास टाकला, तो परत आल्यावर नव्याने नोटीस दिली आणि त्या दुसऱ्या नोटिशीवर आधारलेली फिर्याद सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली. धनादेशाची तीन महिन्यांची वैधता शिल्लक असते तोवरच हा मार्ग खुला असतो. टपालखात्याची पावती पाकिटाचे वजन सांगते, आतील अक्षरे सांगत नाही, आणि ही उणीव टपालाच्या चौकटीत पूर्णपणे भरून काढता येत नाही.

टपालसेवेतील अलीकडचा बदल इथे लक्षात घ्यावा लागतो. भारतीय टपालखात्याने 1 सप्टेंबर 2025 पासून देशांतर्गत रजिस्टर टपाल ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. साधे स्पीड पोस्ट पत्त्यावर दिले जाते, म्हणजे त्या पत्त्यावर असलेली अन्य व्यक्तीही ते घेऊ शकते. रजिस्टर टपालाचा बटवडा मात्र पत्रावर नाव असलेल्या व्यक्तीलाच किंवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीलाच होत असे. हा गुण विलीनीकरणात नाहीसा झालेला नाही. स्पीड पोस्टवर 5 रुपये आणि त्यावरील जीएसटी इतक्या जादा आकारात ‘रजिस्ट्रेशन’ ही पूरक सेवा घेता येते, तसेच ओटीपी सांगितल्यावरच बटवडा करण्याची सोयही उपलब्ध आहे. नोटीस पाठवणाऱ्याने खिडकीवर नुसते स्पीड पोस्ट न मागता रजिस्ट्रेशन आणि पोचपावती या दोन्ही गोष्टी मागून घ्याव्यात, कारण कलम 27 मधील शब्द आजही ‘रजिस्टर टपाल’ हेच आहेत आणि इतक्या अल्प खर्चात त्या शब्दांवरून होऊ शकणारा वाद टळत असेल तर तो टाळावा. दोन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी `IN` अशा स्वरूपाचा जो क्रमांक पावतीवर असतो त्यावरून बटवड्याचा मागोवा संकेतस्थळावर दिसतो. परंतु तो तेथे कायम राहत नाही, म्हणून बटवडा झाल्याच्या आठवड्यातच त्याची छापील प्रत काढून ठेवावी.

ईमेल : मजकूर आणि मिनिट

टपाल जिथे दुबळे आहे नेमके तिथे ईमेल भक्कम आहे. काय पाठवले हे ईमेल अक्षरशः दाखवू शकते आणि केव्हा पाठवले हे मिनिटापर्यंत सांगू शकते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 4 नुसार, कायद्याने लेखी स्वरूप मागितले असेल तिथे नंतर पुन्हा पाहता येईल अशा रीतीने उपलब्ध असलेला इलेक्ट्रॉनिक मजकूर ते स्वरूप पूर्ण करतो. त्याच अधिनियमाचे कलम 13 हे पोचीच्या प्रश्नावरचे खरे कलम आहे. मजकूर पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरील संगणकप्रणालीत शिरला की तो रवाना झाला असे समजले जाते. घेणाऱ्याने एखादा पत्ता आधीच नेमून दिला असेल तर त्या पत्त्याच्या प्रणालीत मजकूर शिरताक्षणी तो मिळाला असे समजले जाते. नेमून दिलेला पत्ता सोडून त्याच्या दुसऱ्याच पत्त्यावर पाठवला असेल तर तो त्याने प्रत्यक्ष उघडून घेतला तेव्हाच मिळाला असे समजले जाते. आणि कोणताच पत्ता नेमला नसेल तर त्याच्या प्रणालीत शिरणे ही मिळण्याची वेळ ठरते. उभय पक्षांनी वेगळे ठरवले असेल तर ते ठरवलेले लागू होते.

यातून निघणारा अर्थ व्यवहारात फार उपयोगाचा आहे. व्यवहार सुरू होतानाच करारात किंवा मागणीपत्रात ‘नोटीस या ईमेल पत्त्यावर दिली असता ती दिली असे समजले जाईल’ असे एक वाक्य असेल, तर पुढे समोरच्याने मेल वाचला की नाही हा प्रश्नच उरत नाही. असे वाक्य नसेल आणि केवळ व्हिजिटिंग कार्डावर दिसलेल्या पत्त्यावर मेल धाडला असेल, तर तो पत्ता त्याचाच होता आणि तो वापरात होता हे पूर्वीच्या उत्तरांवरून सिद्ध करत बसावे लागते.

तांत्रिक बाजूने पाहता ‘सेंट’ या रकान्यात मेल दिसणे हा पोचीचा पुरावा नव्हे, तो फक्त पाठवणाऱ्याच्या बाजूचा दाखला आहे. पत्ता अस्तित्वात नसेल तर थोड्याच वेळात `550 5.1.1` अशा सांकेतिक क्रमांकाचा परतीचा मेल येतो आणि तो आल्यावर नोटीस पोचली असे म्हणता येत नाही. म्हणून परतीचा मेल आला नाही, हेही पाठवणाऱ्याला सांगता आले पाहिजे. मेल स्पॅमच्या कप्प्यात गेला तरी तो घेणाऱ्याच्या प्रणालीत शिरलेला असतो, मात्र तसे दाखवणारा पुरावा पाठवणाऱ्याच्या हाती नसतो. वाचल्याची पोच मागण्याची सोयही घेणाऱ्याने नाकारली की निरुपयोगी ठरते. येथे एक सापळा आहे. मेलमध्ये ‘आपली पोच आल्यावरच ही नोटीस बंधनकारक समजावी’ अशा अर्थाची अट घातली, तर कलम 12 नुसार पोच येईपर्यंत मेल पाठवलाच नव्हता असे धरले जाते. म्हणून पोच विनंती म्हणून मागावी, अट म्हणून कधीही मागू नये.

ईमेलचा पुरावा न्यायालयात नेताना छापील प्रत पुरेशी नसते. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023, जो 1 जुलै 2024 पासून लागू आहे, त्याच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्या प्रमाणपत्राचा पहिला भाग नोंद सादर करणाऱ्याने तर दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. प्रमाणपत्राची ही गरज जुन्या कायद्यातील कलम 65-ब खाली सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात पक्की केली. तो वाद जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून आलेला होता. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले तर प्रमाणपत्र लागत नाही, प्रत हजर केली तर लागते, असे त्याचे सूत्र आहे. नव्या प्रमाणपत्रात ‘हॅश’ नोंदवण्याची जागा आहे. हॅश म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची ओळखखूण, जी एक स्वल्पविराम बदलला तरी बदलते. विंडोज संगणकावर ती पुढील आज्ञेने काढता येते:

```
certutil -hashfile notice.pdf SHA256
```

पाठवण्याच्या दिवशीच ही खूण काढून ठेवली तर सहा महिन्यांनी ‘तुम्ही दाखवता ती पीडीएफ वेगळीच आहे’ हा आक्षेप टिकत नाही. मेल संगणकात शीर्षनोंदींसह, म्हणजे तो कोणत्या सर्व्हरवरून कधी गेला हे सांगणाऱ्या ओळींसह, मूळ स्वरूपात उतरवून घ्यावा. त्यातील `DKIM-Signature` ही ओळ पाठवणाऱ्या संस्थेच्या सर्व्हरने केलेली अंकीय सही असते आणि वाटेत मजकूर बदललेला नाही हे तिच्यावरून तपासता येते.

संदेश-ॲप : वाचल्याची खूण आणि तिच्या मर्यादा

संदेश-ॲप तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे केव्हा या प्रश्नाचे, सर्वांत जिवंत उत्तर देते. व्हॉट्सॲपमध्ये एक खूण म्हणजे संदेश पाठवणाऱ्याकडून गेला, दोन करड्या खुणा म्हणजे समोरच्या फोनवर उतरला आणि दोन निळ्या खुणा म्हणजे तो उघडला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने जून 2018 मध्ये एका क्रेडिट कार्ड कंपनीच्या दरखास्तीत, म्हणजे मिळालेल्या निवाड्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात, याच खुणांकडे पाहून संदेश आणि त्यासोबतची पीडीएफ केवळ पोचलीच नाही तर उघडलीही गेली, असे नोंदवून बजावणी मान्य केली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2024 मध्ये धनादेशाची नोटीसही ईमेल किंवा व्हॉट्सॲपने दिलेली चालेल, मात्र ती माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 13 मधील कसोट्यांना उतरली पाहिजे, असे म्हटले.

या निकालांचा आधार घेताना त्यांच्या मर्यादाही पाहाव्या लागतात. वाचल्याच्या खुणा समोरची व्यक्ती बंद ठेवू शकते. तेव्हा संदेश वाचूनही खुणा करड्याच राहतात. क्रमांक अडवून ठेवला असेल तर एकच खूण दिसते, आणि फोन बंद असला तरीही एकच दिसते, त्यामुळे त्या एका खुणेवरून काहीच ठरवता येत नाही. बंद पडलेला मोबाइल क्रमांक 90 दिवसांच्या अवधीनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, म्हणून जुन्या क्रमांकावरील निळ्या खुणा भलत्याच माणसाच्या असू शकतात. संदेश दोन्ही टोकांना कूटबद्ध, म्हणजे मधल्या कोणालाही वाचता न येणाऱ्या स्वरूपात असतात आणि मजकूर पोचल्यानंतर तो कंपनीच्या सर्व्हरवर राहत नाही, त्यामुळे पुरावा फक्त दोन फोनांमध्ये उरतो. फोन हरवला किंवा नवा घेताना जुन्या गप्पा उतरवून घेतल्या नाहीत, तर पुरावाही गेला. आपोआप नाहीसे होणारे संदेश ही सोय त्या संवादात चालू असेल तर नोटीस स्वतःच पुसली जाते, म्हणून पाठवण्याआधी ती बंद आहे याची खात्री करावी लागते.

सर्वोच्च न्यायालयानेही या साधनाकडे एकट्याने पुरेसे म्हणून पाहिलेले नाही. कोविडच्या काळात, 10 जुलै 2020 च्या आदेशाने नोटिसा आणि समन्स यांची बजावणी व्हॉट्सॲप, टेलिग्राम अशा साधनांनी करण्यास मुभा देतानाच तोच दस्तऐवज त्याच दिवशी ईमेलनेही पाठवावा, असे बंधन न्यायालयाने घातले होते.

कायद्याने वाट ठरवली असेल तर

साधनांची तुलना करण्याआधी कायद्याने किंवा कराराने पद्धत ठरवून दिली आहे का, हे पाहावे लागते, कारण तशी ती दिली असेल तर निवडीला जागा फार कमी राहते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 15 प्रमाणे थकलेल्या भाड्यासाठी भाडेकरूविरुद्ध दावा लावण्यापूर्वी 90 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 106 मध्ये सांगितलेल्या रीतीने द्यावी लागते. तिथे सही केलेले लेखी पत्र टपालाने पाठवणे, प्रत्यक्ष हाती देणे, घरी कुटुंबातील माणसाला किंवा नोकराला देणे आणि तेही शक्य नसेल तर जागेच्या ठळक भागी चिकटवणे, एवढ्याच वाटा सांगितल्या आहेत. घरमालकाने केवळ व्हॉट्सॲपवर नोटीस धाडून 90 दिवस वाट पाहिली, तर ते 90 दिवस वाया जाण्याचा धोका त्याने स्वतः पत्करलेला असतो.

जिथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागते तिथे न्यायालय आणखी कडक झालेले दिसते. पोलिसांनी आरोपीला हजर राहण्यासाठी द्यावयाची, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खालील नोटीस व्हॉट्सॲप किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक साधनाने बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी 2025 मध्ये बजावले आणि त्याच वर्षी पुढे ते कायम ठेवले.

दोन घड्याळे : एक उदाहरण

तिन्ही साधने एकदम वापरावीत, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मुळात योग्यही आहे. परंतु त्याची किंमत काय असते हे एसआयएल इम्पोर्ट खटल्याइतके स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. त्या खटल्यात धनादेशाची नोटीस 11 जून 1996 रोजी फॅक्सने गेली, नंतर रजिस्टर टपालानेही गेली आणि टपालाची नोटीस 25 जून रोजी मिळाली. फिर्याद 8 ऑगस्ट रोजी दाखल झाली. टपालाच्या तारखेपासून मोजले तर ती मुदतीत होती. फॅक्सपासून मोजले तर मुदत जुलै महिन्यातच संपलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये फॅक्सची नोटीस वैध ठरवली आणि त्यामुळेच फिर्याद मुदतबाह्य ठरली. अधिक सुरक्षितता म्हणून वापरलेल्या वेगवान साधनाने फिर्यादीचेच प्रकरण बुडवले. पुढे 2002 च्या दुरुस्तीने पुरेसे कारण असल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला, तरी माफी मागण्याची वेळ येऊ न देणेच बरे.

हाच हिशेब इचलकरंजीतील एखाद्या सूतव्यापाऱ्याच्या कल्पित उदाहरणावरून मांडता येतो. यंत्रमागधारकाने दिलेला 2,40,000 रुपयांचा धनादेश परत आल्याचा बँकेचा मेमो व्यापाऱ्याला 3 मार्च रोजी मिळाला, तर नोटीस देण्याची शेवटची तारीख 2 एप्रिल होते. व्यापाऱ्याने 10 मार्च रोजी वकिलामार्फत रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टने नोटीस पाठवली आणि त्याच दिवशी तिची पीडीएफ व्हॉट्सॲपवर धाडली. निळ्या खुणा 10 मार्च रोजीच उमटल्या. टपालाचा बटवडा 14 मार्च रोजी झाला. व्हॉट्सॲपच्या घड्याळाप्रमाणे 15 दिवस 25 मार्च रोजी संपतात, फिर्यादीचे कारण 26 मार्च रोजी निर्माण होते आणि तो दिवस वगळून मोजलेला महिना 26 एप्रिल रोजी संपतो. टपालाच्या घड्याळाप्रमाणे 15 दिवस 29 मार्च रोजी संपतात, कारण 30 मार्च रोजी निर्माण होते आणि महिना 30 एप्रिल रोजी संपतो.

व्यापाऱ्याने 28 एप्रिल रोजी फिर्याद केली तर आरोपीचा वकील स्वतःच व्हॉट्सॲपची नोटीस मान्य करून ती मुदतबाह्य आहे असे म्हणेल. उलट त्याने घाईने 27 मार्च रोजी फिर्याद केली तर टपालाच्या तारखेवर बोट ठेवून 15 दिवस पूर्ण होण्याआधीच फिर्याद केली, असा आक्षेप येईल, आणि मुदतपूर्व फिर्याद चालत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने योगेंद्र प्रताप सिंग खटल्यात 2014 मध्ये ठरवून दिले आहे. दोन्ही आक्षेपांना जागा न ठेवणारा काळ म्हणजे उशिराच्या घड्याळाचे 15 दिवस संपल्यानंतर आणि आधीच्या घड्याळाचा महिना संपण्यापूर्वीचा काळ. या उदाहरणात 30 मार्च ते 26 एप्रिल. एकापेक्षा अधिक साधने वापरणाऱ्याने प्रत्येक साधनाची तारीख वेगळी लिहून हा सामाईक काळ काढला आणि त्यातच फिर्याद ठेवली, तर कोणती पोच न्यायालय ग्राह्य धरते यावर काहीच अवलंबून राहत नाही. पाकीट न स्वीकारता परत आले तर मिळाल्याचा दिवस कोणता याबद्दल मतभेद होऊ शकतो. तेव्हाही नेहमीच्या ओघातील बटवड्याचा दिवस आणि परतीचा दिवस ही आणखी दोन घड्याळे मानून हाच नियम लावता येतो.

निष्कर्ष

या आढाव्यातून साधनांची उतरंड ठरण्याऐवजी त्यांची कामे ठरतात. टपाल व्यक्ती आणि पत्ता सिद्ध करते आणि त्याच्यामागे कायद्याचे गृहीतक उभे आहे, म्हणून ज्या नोटिशीवर दावा किंवा फिर्याद अवलंबून आहे ती रजिस्ट्रेशनसह टपालाने गेलीच पाहिजे. ईमेल मजकूर आणि वेळ सिद्ध करतो, म्हणून तीच सही केलेली पीडीएफ, टपालाचा क्रमांक मेलमध्ये लिहून, त्याच दिवशी ईमेलने पाठवावी. म्हणजे रिकाम्या पाकिटाच्या आक्षेपाला जागा उरत नाही. संदेश-ॲप समोरच्याला खरोखर कळल्याची खूण देते, पण ते या दोहोंची जागा घेत नाही. क्रमांक त्याचाच आहे हे अलीकडच्या संवादावरून दाखवता येत असेल तरच त्याचा वापर करावा. कायद्याने पद्धत सांगितली असेल तिथे ती आधी पाळावी. आणि ज्याला पुढेमागे नोटीस द्यावी लागू शकते अशा प्रत्येक व्यापाऱ्याने, घरमालकाने व गृहनिर्माण संस्थेने आपल्या पुढच्याच करारात समोरच्याचा टपालाचा पत्ता, ईमेल आणि मोबाइल क्रमांक नोटिशीसाठी नेमून घेणारे कलम लिहून घ्यावे, कारण पोचीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भक्कम पुरावा वाद सुरू होण्यापूर्वी, दोन्ही पक्षांच्या सहीनेच तयार होतो.